मूल न दाखवता हरवलेल्या मुलाची गोष्ट : एका पटकथेचं पुनर्लेखन

संहिता १७ पानांची होती, दृश्यं १२. गोष्ट साताऱ्याकडच्या एका गावातली. दत्ता पस्तिशीचा, लग्न न झालेला. मोठा भाऊ वारल्यापासून तो वहिनी आणि सात वर्षांच्या पुतण्याबरोबर, आदूबरोबर, एकाच घरात राहतो. किराणा भरतो, शाळेची फी भरतो, कर्तव्यात कुठं कमी पडत नाही. एके दिवशी तो आदूला यात्रेला घेऊन जातो आणि गर्दीत हात सुटतो. शोधून दमल्यावर दत्ता यात्रा कमिटीच्या मांडवात घोषणा करायला जातो. माइकवर बसलेले तात्या विचारतात, शर्ट कुठल्या रंगाचा होता? दत्ताला सांगता येत नाही. ते विचारायला त्याला घरी वहिनीला फोन करावा लागतो. शेवटी मूल सापडतं, दोघं रात्रीच्या एसटीनं परत निघतात आणि आदू त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपतो.

दिग्दर्शिकेचा हा पहिलाच लघुपट होता आणि पैसे तिचे स्वतःचे आणि मित्रमंडळींचे. संहिता घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा तिची अडचण साधी होती. गोष्ट सगळ्यांना आवडत होती आणि प्रत्येक जण म्हणत होता की हे तुझ्या बजेटमध्ये होणार नाही. यात्रेची गर्दी, सात वर्षांचं मूल, एसटी आणि स्टँड, देवळाचं आवार, पोलीस मदत केंद्र. छोट्या निर्मितीला जड जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी एकाच संहितेत आल्या होत्या.

कागदावर या गोष्टींचं वजन कळत नाही. ‘यात्रेत तुफान गर्दी’ हे वाक्य पानावर अर्धी ओळ घेतं. उभं करायचं म्हटलं तर ज्युनियर आर्टिस्ट, त्यांचं जेवण, गाड्या, कपडे, पाळणा, दुकानं, रात्रभराचे दिवे आणि जनरेटर. खरी यात्रा वापरायची म्हटली तर देवस्थान ट्रस्ट, ग्रामपंचायत, पोलीस ठाणं अशा तीन दारांशी जायचं, आणि तिघांनी हो म्हटलं तरी यात्रेची मुख्य रात्र वर्षातून एकदाच येते. फोकस चुकला तर पुढच्या वर्षी. एसटीच्या गाडीला आणि स्टँडला महामंडळाची परवानगी आणि त्याचं भाडं वेगळं.

मुलाचा प्रश्न त्याहून नाजूक होता, आणि तो पैशांचा कमी, वेळेचा जास्त होता. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यात १४ वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम करायची वाट ठेवली आहे, पण नियमांनी ती नीट आखून दिली आहे. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, सोबत ठरलेल्या नमुन्यातलं हमीपत्र. मुलानं दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस सेटवर हवा. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत जायला हवा. हे सगळं योग्यच आहे, मला त्यात एक अक्षरही कमी नको आहे. पण १२ पैकी ९ दृश्यांत आदू होता आणि त्यातली बरीचशी रात्रीची होती. पाच तासांत मेकअप, दिवे आणि तालीम धरून रात्रीचं जेमतेम एक दृश्य निघतं. म्हणजे दोन रात्रींचं काम आठवड्यावर जाणार, आणि सात वर्षांचं पोर तितक्या रात्री जागणार. ‘माझ्या बहिणीचा मुलगा आहे, त्याला घेऊ’ असं कुणीतरी सुचवलं. नात्यातलं मूल असलं म्हणून त्याची झोप आणि मर्यादा बदलत नाहीत.

मोबाइल घेऊन गुपचूप खऱ्या यात्रेत शूट करायचा सल्लाही मिळाला होता. तो आम्ही पहिल्यांदा बाजूला ठेवला आणि त्याची कारणं व्यावहारिक होती. गर्दीतले लोक कॅमेऱ्याकडे बघतात. दुसऱ्या टेकला मागची माणसं बदललेली असतात, त्यामुळे शॉट जुळत नाहीत. अनोळखी लोकांचे, बायकामुलांचे चेहरे संमतीशिवाय फ्रेममध्ये येतात. शिवाय पुढे कुठं फिल्म द्यायची म्हटलं की लोकेशन आणि कलाकारांची संमतिपत्रं मागितली जातात, आणि ती नसली की काम तिथंच अडतं.

## आधी गोष्टीचा कणा

कात्री लावायच्या आधी मी तिला एक काम दिलं : यात्रा, एसटी आणि आदू हे तिन्ही शब्द न वापरता गोष्ट एका वाक्यात लिहून आण. तिनं तीन-चार वाक्यं आणली. त्यातलं टिकलेलं असं : ‘ज्याची आपण सगळी जबाबदारी उचलली आहे त्याच्याकडे आपण कधी नीट बघितलंच नाही, हे एका माणसाला परक्या माणसासमोर कळतं.’

या वाक्यात हरवणं नाही, शोधणं नाही, गर्दीही नाही. एक माणूस आहे, एक परका आहे आणि एक प्रश्न आहे. शर्टाचा रंग विचारला जातो ते सातवं दृश्य हीच गोष्ट होती. आधीची सहा दृश्यं तिथं पोचायला होती आणि पुढची पाच त्यातून बाहेर पडायला.

मग प्रत्येक दृश्याला आम्ही एकच प्रश्न विचारला : हे दृश्य काढलं तर सातव्या दृश्यात प्रेक्षकाला काय कळणार नाही? दृश्यात ‘काय घडतं’ हे लिहिणाऱ्याला पाठ असतं, म्हणून तो ते सोडायला तयार नसतो. पण ‘काय कळतं’ हे लिहून काढलं की बरंच मोकळं होतं. पहिल्या दृश्यात वहिनी आदूला कपडे घालते आणि दत्ता दाराशी घड्याळ बघत उभा असतो. इथं कळतं की मुलाला हात लावणारी वहिनी आहे आणि दत्ता दाराशी आहे. दुसऱ्यात एसटीतली गर्दी, दत्ता तिकीट काढतो. इथं फारसं काही कळत नाही, फक्त प्रवास होतो. तिसऱ्यात पाळणा, खेळण्यांची दुकानं, आदू पिपाणी मागतो. चौथ्यात दत्ताला फोन येतो आणि हात सुटतो. पाचव्यात पाच मिनिटांची शोधाशोध. सहाव्यात पोलीस मदत केंद्रातून त्याला कमिटीच्या मांडवाकडे पाठवतात.

पाचवं दृश्य दिग्दर्शिकेचं सगळ्यात लाडकं होतं. हातात धरलेला कॅमेरा, धावणारा दत्ता, चारी बाजूंनी माणसं. त्याच्यासमोर तिनं काय लिहिलं ते पाहा : ‘दत्ता घाबरला आहे हे कळतं.’ एवढंच. आणि घाबरलेला माणूस दाराशी येऊन उभा राहिला तर ते त्याच्या श्वासावरून, धुळीनं भरलेल्या पायांवरून आणि एका तुटलेल्या चपलेवरून पाच सेकंदांत कळतं. सगळ्यात महाग दृश्य सगळ्यात कमी सांगत होतं. बऱ्याच संहितांत असंच सापडतं, कारण गर्दीचं दृश्य लिहिताना लेखकाला स्वतःलाच खूप काही घडल्याचा भास होतो.

## हरवणारं माणूस बदलायचं का?

इथं एक वाट समोर आली आणि ती मोहाची होती. मुलाऐवजी विसरभोळी झालेली म्हातारी आई हरवू दे. ज्येष्ठ अभिनेत्री मिळते, परवानगीचा प्रश्न सुटतो आणि ‘लुगड्याचा रंग कुठला?’ हा प्रश्नही जसाच्या तसा राहतो. वय वाढवून मुलाची भूमिका टाळणं हा एरवी चांगला उपाय आहे. पंधरा वर्षांची बहीण एकोणीस वर्षांची केली तर अनेक गोष्टींना धक्काही लागत नाही. तेव्हा आधी ते तपासावंच.

इथं मात्र धक्का लागला. आई हरवली तर दत्ता फोन कुणाला करणार? वहिनीला किंवा शेजाऱ्यांना, आणि त्यांनाही रंग माहीत नसण्याची शक्यता तितकीच. मूळ गोष्टीत रंग माहीत असलेली एकच व्यक्ती आहे आणि तिनं विश्वासानं मूल सोपवलं आहे. तिला रंग विचारणं म्हणजेच मूल हरवल्याचं तिला सांगणं. या फोनमध्ये एका प्रश्नाची दोन कामं होतात. आई घेतली की दुसरं काम गळून पडतं आणि उरते ती विसराळूपणाची वेगळीच गोष्ट. म्हणून हरवणारं मूलच ठेवायचं आणि ते पडद्यावर आणायचं नाही, असं ठरलं.

## पहिला खर्डा आणि त्यातली खोट

पहिल्या खर्ड्यात सगळं मांडवात आणलं आणि बाहेरचं जे जे गेलं ते दत्ताच्या तोंडी घातलं. तो येतो आणि सांगतो की आम्ही सकाळी निघालो, एसटीला गर्दी होती, आदू पाळण्यात बसायचं म्हणत होता, मग मला फोन आला, मी हात सोडला. तात्या ऐकतात. गोष्ट पूर्ण कळते आणि कशालाही जोर राहत नाही.

हा दोष ओळखायची सोपी पद्धत आहे. एकानं संहिता मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं डोळे मिटून नुसते संवाद ऐकायचे, कंसातलं काही वाचायचं नाही. सगळं व्यवस्थित समजलं तर ते नभोनाट्य झालं आहे. आमचं झालं होतं.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर झाली. एक, दृष्टिकोन बांधून टाकला. पहिल्या फ्रेमपासून कॅमेरा तात्यांच्या खोलीत बसतो आणि यात्रेच्या रात्री तिथून हलतच नाही. कॅमेरा एकदा बाहेर जाऊन गर्दी दाखवून आत आला आणि मग मुलाला दाखवायचं टाळू लागला, तर ते लगेच जाणवतं. बघणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे मूल नव्हतं. पण फिल्म पहिल्यापासूनच एका खिडकीतून जग बघत असेल तर बाहेरचं न दिसणं हा तिचा स्वभाव होतो. नायक बदलला नाही, पण प्रेक्षकाची बसायची जागा बदलली. आता तो तात्यांच्या शेजारी बसला आहे. त्यानंही आदूला पाहिलेलं नाही, म्हणून ‘कसा दिसतो?’ हा प्रश्न त्याचाही आहे. मूळ संहितेत प्रेक्षकानं पहिली चार दृश्यं आदूचा शर्ट पाहिलेला होता, त्यामुळे दत्ताला रंग आठवत नाही तेव्हा तो मनात उत्तर देऊन मोकळा व्हायचा. आता त्यालाही येत नाही.

दुसरी दुरुस्ती अशी की जे सांगितलं जात होतं ते वस्तूंवर टाकलं. एसटीचा प्रवास गेला, तिकीट राहिलं. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला एसटीला अर्धं तिकीट लागतं, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पिपाणी मागण्याचं दृश्य गेलं, पिपाणी दत्ताच्या हातात आली. हात का सुटला याचंही कारण बदललं. मूळ फोन घेणेकऱ्याचा होता आणि तो समजवायला अर्धं पान लागायचं. आता दत्ता एका वाक्यात सांगतो : ‘पिपाणीचे पैसे देत होतो, क्यूआरला दोन्ही हात लागले.’ जी घटना दाखवायची नाही ती एका वाक्यात सांगता येईल इतकी साधी करून घ्यावी लागते. इथं ती साधी झाल्यावर जास्त खरीही झाली, कारण आता दत्ता बेजबाबदार उरत नाही. तो मुलासाठीच खरेदी करत होता.

मधलं पान शेवटी असं झालं :

आत. घोषणेची खोली. रात्र.

*तात्या माइकचं बटण बंद करतात. वही पुढं ओढतात.*

तात्या : नाव?

दत्ता : आदित्य. आदू म्हणतो आम्ही.

तात्या : वय?

*दत्ता खिशातून चुरगळलेलं तिकीट काढतो. बघतो.*

दत्ता : हाफ लागतं त्याला.

तात्या : वय सांगा, वय.

दत्ता : सात. सात असंल.

तात्या : अंगात काय?

दत्ता : शर्ट.

तात्या : रंग?

*पाळण्याचा उजेड भिंतीवरून फिरून जातो. परत येतो. दत्ताच्या मुठीत पिपाणी.*

दत्ता : सकाळी वहिनीनं घातला.

शेवटच्या ओळीत पहिलं दृश्य पूर्ण येऊन बसलं आहे. कपडे वहिनीनं घातले, दत्ता दाराशी होता. त्या दृश्याला मूल, घर, सकाळचा उजेड असं सगळं लागत होतं. ते तीन शब्दांत आलं आणि चुकीच्या उत्तराच्या रूपात आलं, म्हणून ते माहिती दिल्यासारखं वाटत नाही.

फोनचं दृश्यही असंच आवळलं. वहिनी पडद्यावर नाही, फक्त आवाज. दत्ता विचारतो, ‘वहिनी, आदूच्या अंगात कुठला शर्ट हाय?’ ती सहज सांगते, ‘पिवळा. बाही उसवलेली, काळ्या दोऱ्यानं शिवलीय मी काल.’ मग थांबते. मग, ‘भावजी, का?’ दत्ता उत्तर देत नाही, फोन धरूनच तात्यांना सांगतो, ‘पिवळा.’ तात्या माइक सुरू करतात आणि घोषणा भोंग्यातून घुमते. फोन चालूच असल्यानं वहिनीला ती पलीकडे ऐकू येते. आधीच्या संहितेत ती बातमी दत्ता रडत सांगायचा.

पोलीस मदत केंद्र पूर्ण गेलं. गणवेशातल्या पात्रांची उस्तवार वाचली हे खरं, पण मुख्य कारण वेगळं होतं. मूल बेपत्ता असल्याची तक्रार पोलिसांत गेली की गुन्हा नोंदवण्याची प्रक्रिया सुरू होते आणि गोष्ट तपासाकडे झुकते. आम्हाला त्याच्या आधीचा पाऊण तास हवा होता. म्हणून कमिटीची खोली, आणि भिंतीवर हरवलेल्या मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवलेला.

## तीन माणसांची गर्दी

खोली म्हणजे एका ओळखीच्या घराच्या अंगणातली दहा बाय दहाची पत्र्याची शेड. तिला एक खिडकी, खाली लाकडी फळी. गर्दी त्या खिडकीत आहे. चिठ्ठ्या देणारे हात आत येतात : बांगड्यांचा हात, मेंदीचा हात, घड्याळ घातलेला, हळद लागलेला. तीन माणसांनी बाह्या आणि बांगड्या बदलून ते सगळे हात दिले. चेहरे फ्रेमच्या वर कापलेले. खिडकीबाहेर दोन फुटांवर झालर लावलेलं कापड, त्यामागे रंगीत दिव्यांची माळ. पाळणा म्हणजे एका काठीला बांधून हातानं फिरवलेला दिवा, ठरावीक वेळानं भिंतीवरून जाणारा. वेग कायम ठेवायला दिवा फिरवणाऱ्यानं मनात आकडे मोजले. तो चुकला की दोन शॉटमधले पाळणे वेगवेगळ्या वेगानं फिरतात आणि जोडताना ते उघडं पडतं.

बाकीची यात्रा आवाजाची आहे, आणि इथं एक अडचण आहे जी आधी माहीत असलेली बरी. खऱ्या यात्रेत जाऊन आवाज ध्वनिमुद्रित केला तर त्यात कुठल्या ना कुठल्या भोंग्यावर सिनेमाचं गाणं लागलेलं असतं. ते मागे पुसट असलं तरी त्याचे हक्क कुणाचे तरी असतात, आणि फिल्म ऑनलाइन टाकली की हरकत येऊ शकते. गाण्यावर बोलणारी गर्दी त्यातून वेगळी काढता येत नाही. म्हणून पाळण्याचा करकराट, भट्टीचा आवाज, नारळ फुटणं, पिपाण्या, हलगी हे सगळं वेगवेगळं घेतलं. माणसांचा गलका आठ-दहा मित्रांना अंगणात गोल फिरवत, एकमेकांशी बाजारभावाच्या गप्पा मारायला लावून घेतला आणि तो थरांवर थर चढवून दाट केला. खिडकीच्या आत तो दबका हवा आणि दार उघडलं की मोठा. हा फरक नसेल तर आवाज चिकटवलेला वाटतो.

त्याहून महत्त्वाचं नटांचं. संवाद शांत खोलीत मुद्रित होतात, गलका नंतर येतो. शांत खोलीत माणूस आपोआप हळू बोलतो. मग संपादनात मागे यात्रा टाकली की दोन माणसं गर्दीत कुजबुजताना दिसतात आणि सगळा डोलारा पडतो. आवाज वाढवून ते सुधारत नाही, कारण जोरात बोलताना मानेच्या शिरा, श्वास, शब्दांतलं अंतर सगळंच बदलतं. उपाय असा केला की टेक सुरू होण्याआधी स्पीकरवर गलका मोठ्यानं लावायचा, दोघांनी त्यावर बोलत दोन ओळी तालीम करायची, मग स्पीकर बंद आणि लगेच टेक. पट्टी साधारण मिनिटभर टिकते. मोठं दृश्य त्या हिशेबानं तुकड्यांत घेतलं. तात्यांची भूमिका करणारे गृहस्थ तमाशाच्या फडात वावरलेले होते. त्यांना याची गरजच पडली नाही.

## सापडलेलं मूल

शेवट सगळ्यात अवघड गेला. मूल सापडलं पाहिजे, आणि ते दिसणार नाही. पाठमोरा, चादरीत गुंडाळलेला, कमी उंचीचा प्रौढ माणूस घेऊन बघितला, आणि खांद्यांची रुंदी लगेच फसवणूक सांगते. मुलाचा नुसता आवाज घ्यायचा विचारही सोडला, कारण आवाज देणं हेही मुलाचं कामच आहे. मोठ्या माणसानं काढलेला लहान मुलाचा आवाज या गोष्टीत टिकला नसता.

मग हातातली पिपाणी कामाला आली. बाहेरून कुणीतरी दार ढकलतं. दत्ताची नजर दारातल्या माणसाच्या चेहऱ्यावरून खाली येते, साडेतीन फुटांवर थांबते. ही उंची नटाला नेमकी कळावी म्हणून कॅमेऱ्याशेजारी एका काठीला लाल दोरा बांधला होता. ‘खाली बघ’ म्हटलं की माणूस जमिनीकडे बघतो, आणि मग समोर मूल आहे यावर विश्वास बसत नाही. दत्ता उकिडवा बसतो, पिपाणी फ्रेमबाहेर पुढं करतो. आधी नुसती हवा, मग एक फुटका सूर. ती पिपाणी आमच्या ध्वनिमुद्रकानं फुंकली.

तात्या वही सरकवतात. ताबा घेणाऱ्याची सही, आणि एक रकाना, ‘ओळखीची खूण’. दत्ता लिहायला लागतो, थांबतो, फ्रेमबाहेर बघतो, बराच वेळ बघतो आणि लिहितो. काय लिहिलं ते दिसत नाही.

दिग्दर्शिकेला इथंच संपवायचं होतं. मला त्यानंतरचं घरचं दृश्य हवं होतं, कारण बघणं हे एकदा घाबरून केलं की बदल झाला असं होत नाही. शेवटी दोन्ही ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेला पिवळा शर्ट, बाहीवर काळा टाका. दत्ता कामाला निघालेला, थांबतो, टाका हातात घेऊन बघतो आणि वहिनीला विचारतो, ‘पिवळा दोरा नव्हता का घरात?’ ती म्हणते, ‘आणायला सांगितला होता तुम्हाला.’ एसटीत खांद्यावर झोपलेल्या मुलाची जागा या दोन वाक्यांनी घेतली. मला ती मूळ शेवटापेक्षा जास्त पटते, कारण झोपलेलं मूल प्रेक्षकाला नुसता दिलासा देत होतं. इथं दत्ताला अजून काहीतरी करायचं शिल्लक राहतं.

१२ दृश्यांची चार झाली, १७ पानांची साडेदहा. कागदपत्रं अजिबात लागली नाहीत असं मात्र नाही. शेड आणि अंगणाच्या मालकांकडून तारीख, तास आणि वीजवापर लिहून सही घेतली, दत्ताच्या घरासाठीही तसंच पत्र घेतलं, आणि नटांइतकीच हात देणाऱ्यांचीही संमतिपत्रं घेतली. खाजगी जागेत सरकारी दारं टळतात, जागेच्या मालकाची लेखी परवानगी टळत नाही. रात्रीचा भोंगाही खरा वाजवला नाही. शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न होता, आणि घोषणेचा घुमारा नंतर संगणकावर देता येतो.

एक गोष्ट गेली ती गेलीच. सकाळी वहिनी आदूचे केस विंचरत असते आणि तो आरशात दत्ताला वेडावून दाखवतो, असा मूळ संहितेत एक क्षण होता. त्या क्षणात आदू स्वतः काहीतरी करत होता. नव्या संहितेत आदू पिपाणी फुंकण्यापलीकडे काहीच करत नाही, त्याच्याबद्दल फक्त बोललं जातं. या गोष्टीत ते चालून गेलं, कारण ती दत्ताची आहे. मुलाच्या निर्णयावर गोष्ट वळत असती, तो स्वतः हात सोडून पळाला असता, तर ही पद्धत लागू पडली नसती. तिथं परवानग्या काढून, पाच तासांची रात्र धरूनच चित्रीकरण करायला हवं होतं, नाहीतर ती गोष्ट तूर्त बाजूला ठेवायला हवी होती.

पहिलं संपादन काही जणांना दाखवलं तेव्हा तक्रार मुलाबद्दल आली नाही. तक्रार अशी होती की सुरुवातीची दोन मिनिटं हे नेमकं काय चाललंय, निवडणुकीची सभा की लग्न, ते लागत नव्हतं. खिडकी, भोंगा आणि चिठ्ठ्या एवढ्यावर यात्रा उभी राहत नव्हती. आम्ही काळ्या पडद्यावरच तात्यांचा आवाज घातला : ‘पालखी देवळाकडं निघालेली आहे, रस्ता मोकळा करा. कुस्त्यांच्या फडाकडं जाणाऱ्यांनी ओढ्याच्या कडेनं जावं. निळ्या रंगाची डाव्या पायाची चप्पल सापडलेली आहे, ज्याची असंल त्यानं उजवी घेऊन यावं.’ त्यानंतर ठिकाणाबद्दल कुणी विचारलं नाही.